मोबाइलवर वाचण्यासाठी स्लाइड्सचे ईपब

«रोज एसटीने कोल्हापूर-सांगली ये-जा करतो. सरांच्या स्लाइड्स झूम करून वाचताना डोळे दुखतात. ईपब करता येईल का?»

येईल, मात्र मूळ `.pptx` फाइल मागून घ्यावी, कारण पीडीएफमधून काढलेल्या मजकुराच्या ओळी मध्येच तुटतात. पॉवरपॉइंटमध्ये ती Outline/RTF म्हणून जतन करावी, लिब्रेऑफिस रायटरमध्ये उघडून प्रत्येक स्लाइडच्या शीर्षकाला Heading 1 शैली आहे याची खात्री करावी आणि Export as EPUB निवडावे.

खरी मेख वेगळीच आहे. या आउटलाइनमध्ये फक्त शीर्षकाच्या आणि मुख्य मजकुराच्या ठरीव चौकटींतला मजकूर येतो. सरांनी स्वतंत्र टेक्स्ट बॉक्स टाकून लिहिलेले सारे, तसेच आकृत्या, निमूटपणे गळतात. माझ्या जीवरसायनशास्त्राच्या स्लाइड्समध्ये क्रेब्स चक्राच्या पानावर नुसते शीर्षकच उरले होते, आणि ते मला हातकणंगल्याच्या पुढे गेल्यावर कळले. म्हणून आउटलाइन व्ह्यूमध्ये ज्या स्लाइडपुढे केवळ शीर्षक दिसते, ती पीएनजी करून त्या जागी घालावी. आडवी स्लाइड उभ्या पडद्यावर बारीक दिसते, तेव्हा आकृती मधोमध कापून दोन भाग एकाखाली एक ठेवलेले बरे.