मदत हवी आहे: भाडेकरूला सबमीटरचं बिल कोणत्या दराने लावायचं?

वरचा_मजला: भाडेकरूसाठी सबमीटर बसवलाय. या महिन्यात त्यावर १४० युनिट पडले, आमचं बिल ३४० युनिटचं आलं. पहिल्या टप्प्याचा दर लावला तर आम्हाला भुर्दंड, शेवटच्याचा लावला तर तो वाद घालतो. उद्या पैसे घ्यायचे आहेत. दर सांगा फक्त.

गच्चीवरून: आमच्या सोसायटीत जिन्याचे दिवे आणि लिफ्ट यांचं बिल सगळ्या फ्लॅटांत समान वाटतात. कटकटच नाही.

तारवाला: तो प्रश्नच नाहीये. वरचा_मजला, वीज कुणाची, कंपनीचं मीटर एकच का, पंप कुठल्या लायनीवर आणि सबमीटरचं रीडिंग कधी घेता, हे सांगा.

वरचा_मजला: महावितरण, घरगुती, सिंगल फेज, मीटर एकच. पंप आमच्या लायनीवर, पाणी दोघांना. सबमीटर एक तारखेला बघतो.

तारवाला: आणि कंपनीचं रीडिंग?

वरचा_मजला: १२-१३ तारखेला होतं. त्याने काय फरक पडतो?

तारवाला: बराच पडतो. तुमचे १४० युनिट एका मुदतीतले आणि ३४० दुसऱ्या मुदतीतले आहेत. बिलावर चालू रीडिंगची तारीख छापलेली असते, त्याच दिवशी सबमीटरचा फोटो काढा. नाहीतर उन्हाळ्यात कुणाचा एसी कुणाच्या माथी जातो ते कळत नाही.

हिशेबनीस: गोल आकड्यांत मांडते, दर तुमच्या बिलावरचे घाला. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटला ६ रुपये, १०१ ते ३०० ला ११, पुढच्या टप्प्याला १५ धरा. ३४० युनिटचे ६००, २२०० आणि ६०० मिळून ३४०० झाले. स्थिर आकार १३०. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे एकूण ४०९५.
आता स्थिर आकार शुल्कासकट बाजूला काढा, ते १५१ रुपये. उरलेल्या ३९४४ ला ३४० ने भागलं की युनिटला ११.६० पडतात. भाडेकरूचे १४० गुणिले ११.६० म्हणजे १६२४, अधिक स्थिर आकाराचे निम्मे ७५. साधारण १७०० घ्या. इंधन समायोजन आकार असेल तर तोही भागाकारात धरा. मागची थकबाकी आणि उशिराचा आकार मात्र त्याच्यावर टाकू नका.

पहिलाटप्पा: हे चुकीचं आहे. त्याचं वेगळं मीटर असतं तर शुल्क धरायच्या आधी १४० युनिटचे १०४० झाले असते. तेवढेच घ्यावेत.

हिशेबनीस: मग तुमच्याच पद्धतीने मालकाच्या २०० युनिटचे १७०० होतात. दोन्ही मिळून २७४०, कंपनी घेते ३४००. मधले ६६० कुणी भरायचे? दोन घरांना पहिला टप्पा एकदाच मिळतो, म्हणून हा खड्डा पडतो. तो निम्मा-निम्मा वाटलात तर भाडेकरूचे १३७० होतात आणि सरासरीने १४००. म्हणजे जवळपास तेच.

पहिलाटप्पा: एकाच मीटरवर दोन घरं चालवायचं मालकाने ठरवलं. खड्डा त्याचाच.

दुकानगाळा: माझ्या गाळ्याला घरगुती मीटरवरूनच सबमीटर दिलाय, मालक सरासरीच लावतो. चालेल ना?

तारवाला: नाही चालणार. घरगुती जोडणीवर दुकान चालवणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापरात येतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. गाळ्याला स्वतःची जोडणी घ्या.
वरचा_मजला, तुमचा पंप राहिलाच. अर्ध्या अश्वशक्तीचा, रोज अर्धा तास चालत असेल तर महिन्याला ८ युनिटच्या आसपास. त्यातले ४ भाडेकरूचे धरा, म्हणजे साधारण ४६ रुपये वाढतील.
शिवाय सबमीटर एकदा तपासा. त्याच्या घरातलं सगळं बंद केल्यावर लाल दिव्याची उघडझाप थांबली पाहिजे. मग फक्त २००० वॅटचा गीझर ३ मिनिटं लावा. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलं असेल तर दिवा साधारण ३२० वेळा लुकलुकतो. व्होल्टेज कमी असेल तर थोडा कमी, पण निम्माच आला तर वायरमनला न्यूट्रल बघायला सांगा. दोन्ही घरांचा न्यूट्रल मीटरच्या पुढे एकत्र जोडलेला असला की काही मीटर चुकीचं मोजतात.

गच्चीवरून: प्रीपेड सबमीटर मिळतात, आधी पैसे भरून घ्यायचे.

हिशेबनीस: तरी त्यात युनिटचा दर मालकालाच भरावा लागतो. प्रश्न तिथेच.

वरचा_मजला: तो सरासरीला तयार आहे, पण स्थिर आकार देणार नाही म्हणतोय. मीटर आमच्या नावावर आहे म्हणून.

पहिलाटप्पा: बरोबर म्हणतोय.

हिशेबनीस: करारात काय लिहिलंय?

वरचा_मजला: "वीजबिल वेगळे", एवढंच.