मदत हवी: बॅकऑफ आणि जिटर लावूनही सर्व्हर उठल्या उठल्या परत आडवा होतोय

अर्धवट_झोप
आमची एक अंतर्गत सेवा आहे. डेटाबेसमुळे ती मध्येच पाचेक मिनिटं अडकते, मग आम्ही रीस्टार्ट करतो. उठते आणि अर्ध्या मिनिटात परत ५०३ द्यायला लागते. रीट्रायला एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ आहे, जिटरही आहे. मग हे का होतंय? जरा लवकर सांगा, मॅनेजर डोक्यावर बसलाय.

खटपट्या
जिटर आहे म्हणजे नक्की किती आहे? कोड टाका.

अर्धवट_झोप
```python
delay = min(60, 2 ** attempt) + random.uniform(0, 0.1)
```

खटपट्या
सापडला चोर. ८ सेकंदांच्या थांब्यात ०.१ सेकंदाचा फरक म्हणजे नसल्यातच जमा. एकाच क्षणी फसलेले कॉल १, मग २, मग ४ सेकंदांनी पुन्हा एकत्रच येऊन धडकणार. दोन धडकांमधलं अंतर तेवढं वाढतं, गर्दी कमी होत नाही. आख्खा थांबाच रँडम करा:
```python
delay = random.uniform(0, min(60, 2 ** attempt))
```
विषय संपला.

चिंतातुर_जंतू
रीट्राय करताना आयडेम्पोटन्सी की पाठवताय ना? आमच्याकडे टाइमआउट झालेला कॉल खरं तर आत यशस्वी झालेला होता, रीट्रायने दुसरी ऑर्डर पडली. निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले.

अर्धवट_झोप
आमचे सगळे GET आहेत हो.

@खटपट्या, बदल केला. आलेखावरचे करवतीसारखे दाते गेले, पण आता रेष वरच सपाट चिकटून बसलीय. सेवा अजूनही उठत नाही.

लोलक
विषय संपलेला नाही. तीन गोष्टी सांगा: एकूण प्रयत्न किती, नवे कॉल सेकंदाला किती येतात आणि सेवेला किती झेपतात? आणि कॉल करणारे कोण आहेत, बॅच वर्कर की वेबसाइटवरचे वापरकर्ते?

अर्धवट_झोप
वापरकर्ते. पहिला धरून ५ प्रयत्न. नवे साधारण २००, झेपतात ३००.

हवालदिल
सर्व्हर दुप्पट करा, ऑटोस्केलिंग लावा. कोड कशाला चिवडायचा?

अर्धवट_झोप
अडकतो तो डेटाबेस. पुढे सर्व्हर वाढवून त्याच्यावर आणखी कनेक्शनच पडतील.

लोलक
बरोबर. आता गणित पाहा. ५ प्रयत्नांमधले थांबे जास्तीत जास्त १, २, ४ आणि ८ सेकंद, म्हणजे सगळे मिळून १५. तुमची सेवा अडकते पाच मिनिटं. पहिल्या काही सेकंदांत पुढे ढकललेलं ओझं तोवर येऊन पोचलेलं असतं. प्रत्येक नवा कॉल पाच वेळा येतोय, म्हणजे सेकंदाला १०००. जिटरने ते १००० नीट पसरले, कमी झाले नाहीत. झेपणाऱ्या ३०० च्या वर आहेत तोवर बहुतेक कॉल फसणार, आणि फसले की पुन्हा रीट्राय.

बॅच वर्कर असते तर गोष्ट वेगळी होती. एक काम उरकल्याशिवाय वर्कर दुसरं उचलत नाही, त्यामुळे तो थांबला की ओझं खरंच उतरतं. वापरकर्ते मात्र येतच राहतात.

रीट्रायला बजेट लावा. क्लायंटमध्ये टोकनची बादली ठेवायची. यशस्वी कॉलमागे ०.१ टोकन भरायचं, रीट्रायमागे १ काढायचं, बादली रिकामी असेल तर सरळ एरर द्यायची. सेवा पडली की यश नाही, टोकन नाहीत, रीट्राय आपोआप थांबतात आणि नवे २०० तेवढे उरतात. gRPC वापरत असाल तर याच धर्तीचं `retryThrottling` तयारच आहे.

खटपट्या
एवढ्या भानगडीपेक्षा सर्किट ब्रेकर लावा. नव्या कॉललाही अडवतो.

लोलक
चारपैकी एकच शार्ड आजारी असेल तर तुमचा ब्रेकर धडधाकट तिघांचंही पाणी तोडतो. बजेटमध्ये पहिला प्रयत्न नेहमी जातो.

खटपट्या
मग शार्डगणिक ब्रेकर ठेवा. आमच्याकडे तसाच आहे, उत्तम चालतो.

लोलक
शार्ड कुठला ते क्लायंटला कळत असेल तर जमेल. बहुतेकदा कळत नाही.

@अर्धवट_झोप, एक तपासा. प्रयत्नाचा क्रमांक हेडरमध्ये पाठवा आणि सेवेच्या स्वतःच्या लॉगमध्ये मोजा. १००० च्या आसपासच भरतात का?

अर्धवट_झोप
विचित्र आहे. क्लायंटकडून १००० निघतात, सेवेच्या लॉगमध्ये ३००० च्या जवळ दिसतात. शिवाय एकाच रिक्वेस्ट आयडीवर `attempt=2` ओळीने तीनदा.

लोलक
मध्ये गेटवे आहे ना? तोही ५०३ वर गुपचूप दोन रीट्राय करतोय. पाच गुणिले तीन, एका क्लिकमागे १५ कॉल. हे बंद केल्याशिवाय बजेटही पुरणार नाही, कारण २०० चे तिथे ६०० होतील.

अर्धवट_झोप
गेटवे दुसऱ्या टीमकडे आहे. ते म्हणतात, सगळ्या सेवांना एकच सेटिंग, एकट्या तुमच्यासाठी बदलणार नाही.

खटपट्या
मग क्लायंटचेच रीट्राय काढा, गेटवेचे राहू द्या.

लोलक
तरी ६००च की हो. सेवेतूनच ५०३ ऐवजी ४२९ देऊन बघा, गेटवे सहसा त्यावर रीट्राय करत नाहीत. पण त्यांच्या कॉन्फिगमध्ये आधी खात्री करा.

चिंतातुर_जंतू
४२९ दिलं तर डॅशबोर्डवर एरर दिसणारच नाहीत, आमच्याकडे फक्त ५xx वर अलर्ट आहे.

अर्धवट_झोप
आमच्याकडेही. कॉन्फिग मागवलंय, आलं की टाकतो.