आधी वंशवृक्ष, मग भाषांतर

> ‘सिस्टर-इन-लॉ’ला मराठीत नेमकं काय म्हणू? नणंद लिहून पुढे जाऊ का?

घाई करू नका. मी एका आत्मकथनात दुसऱ्या प्रकरणात नणंद लिहून बसले होते. नवव्या प्रकरणात ती नवऱ्याच्या धाकट्या भावाची विधवा निघाली, म्हणजे जाऊ. नुसता शब्द बदलून भागलं नाही. नणंदेच्या तोंडी ‘माझं माहेर’ म्हणून घातलेलं घर आता तिचं सासर झालं होतं, त्यामुळे ते सगळे संवाद पुन्हा लिहावे लागले.

तेव्हापासून आधी अख्खं पुस्तक वाचून वंशवृक्ष काढते. लग्नाआधीचं आडनाव, अंत्यसंस्कारात कोण कुठे उभं आहे, वाटणीत कोणाला काय मिळालं, असे धागे त्यात टिपते. भावंडांत मोठं-धाकटं कोण तेही, कारण दीर आहोजाहोतला की अरेतुरेतला ते त्यावरच ठरतं.

तरीही उलगडलं नाही तर लेखकाला विचारावं. तेही शक्य नसेल तर नुसतं नाव वापरते. चुकीच्या नात्यापेक्षा ते बरं. मात्र निवेदक लहान असेल आणि ‘अंकल’ नेमका कोण हे त्यालाच ठाऊक नसेल, तर ‘अंकल’च ठेवा. तिथे काका किंवा मामा लिहिलंत तर मुलाला न कळलेलं वाचकाला आधीच कळेल.