सेंटरिंग प्रेयरमधला ‘कन्सेन्ट’: संमती की होकार?

सांगलीकर: आमच्या मंडळीत काही जण सेंटरिंग प्रेयर या मौन प्रार्थनेला बसतात. त्यांच्यासाठी मराठी पत्रक करतोय. देवाच्या सान्निध्याला आणि कार्याला ‘कन्सेन्ट’ देण्यासाठी मी ‘संमती’ लिहिलं, पण आमच्या वडीलधाऱ्यांना ते कचेरीतलं वाटतं. शिवाय प्रार्थनेसाठी निवडलेला छोटा शब्द, म्हणजे ‘सेक्रेड वर्ड’, त्याला जपनाम म्हणावं का?

कराडकर: बिनधास्त म्हणा. नाम घ्यायचं, चित्त एकाग्र करायचं. आमच्या वारकऱ्यांचं नामस्मरणच हे.

वाईकर: नाव देवाचं असू शकतं, इतकं जुळतं. पण तो शब्द सतत म्हणायचा नसतो आणि एकाग्रताही साधायची नसते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर इथल्या मठात मेनिंजर, पेनिंग्टन आणि कीटिंग या ट्रॅपिस्ट मठवासीयांनी १४व्या शतकातल्या ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ या इंग्रजी ग्रंथाच्या आधारे ही पद्धत बसवली. समजा, ‘येशू’ हा शब्द घेतलाय. डोळे मिटून बसलात, तो मनात हलकेच आणलात. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. नुसता ऐकू आला, तर काहीच करायचं नाही. ‘कोण आलं असेल?’ म्हणून मन त्याच्यामागे गेलं आणि ते ध्यानात आलं, तरच शब्दाकडे अलगद परत यायचं. प्रार्थनेत सुचलेला सुंदर विचारही तसाच सोडायचा. शब्द श्वासाच्या ठेक्यावर चालू लागला, तर जप सुरू झाला असं समजा. जॉन मेन यांच्या ध्यानपद्धतीत मात्र ‘मारानाथा’ अखंड म्हणतात. जपनाम तिथे शोभेल.

मिरजेच्या ताई: दवाखान्यात मी संमतीपत्रावर रोज सह्या घेते. सही झाली की रुग्णाचं काम संपलं. इथंही तसंच ना? माझी अडचण वेगळीच आहे. मी ‘अब्बा’ शब्द घेतला, तर २० मिनिटं आमचे आबाच डोळ्यांपुढे येतात!

वाईकर: ताई, सही एकदाच होते. इथं शब्दाकडे परतताना दर वेळी तोच रुकार पुन्हा द्यायचा असतो. आणि आठवणी ओढून आणणारा शब्द ठेवू नका. पण बैठक चालू असताना बदलू नका, कारण नवा शब्द निवडणं हाही विचारच. पुढच्या वेळी दुसरा घेऊन बसा. शेवटी दोनेक मिनिटं डोळे मिटूनच राहा.

सांगलीकर: मग ‘होकार’ लिहितो. मरीयेनं देवदूताला दिला तो होकारच होता.

कराडकर: होकाराला आधी कुणीतरी विचारावं लागतं. मरीयेला देवदूतानं सांगितलं तरी होतं. इथं तर सगळं मौन. मी ‘स्वीकार’ लिहीन.

वाईकर: स्वीकारात फक्त घेणं येतं. देवाला आपल्यात काम करू देणं त्यात कुठे येतं? मला ‘रुकार’ जवळचा वाटतो.

मिरजेच्या ताई: रुकार आमच्या तरुण मंडळींना कळायचा नाही. होकारच ठेवा. आणि दिवसातून दोनदा बसायचं असतं, तेही पत्रकात घाला.