पुस्तक मेळ्यातल्या लेखक-गप्पांचं कॅप्शन

“वक्ता, ठिकाण, प्रवेश, सगळं लिहिलंय, तरी लोक कमेंटमध्ये तेच विचारतात. काय चुकतंय?”

इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, बाकीचं टॅप केल्यावर उघडतं. त्या ओळी ‘सोलापूरकर रसिकहो, कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ यातच संपल्या, तर वेळ आणि ठिकाण कुणाला दिसणार? समजा, सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवरच्या पुस्तकाची लेखिका येणार आहे. मग असं लिहा:

‘शनिवार, संध्याकाळी ६, हुतात्मा स्मृती मंदिर, सोलापूर: (लेखिकेचं नाव) यांच्याशी गप्पा. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार सोलापूरकरांबद्दल कोणती कागदपत्रं सापडली, ते त्या सांगतील. शेवटची वीस मिनिटं तुमच्या प्रश्नांना. प्रवेश विनामूल्य, नोंदणी नाही. आधी येईल त्याला आधी जागा, दार ५.३० ला उघडेल.’

नुसतं ‘प्रवेश विनामूल्य’ लिहिलं की लोक जागा मिळेलच असं धरून सहाला येतात आणि दारात वाद होतो. मेळ्याला तिकीट असेल, तर ते गप्पांनाही लागेल का, हे त्याच वाक्यात हवं. आणि ‘सुवर्णसंधी’ काढाच; माणूस येतो तो त्या कागदपत्रांसाठी. फक्त ते लेखिकेला विचारूनच छापा, नाहीतर ऐकणारे भलत्याच अपेक्षेने बसतात.