'शब-ए-जुमा' म्हणजे कुठली रात्र? भाषांतरात अडकलेय

विजापूर_रोड: शेजारच्या अम्मींच्या वडिलांची जुनी उर्दू वही मराठीत करून देतेय. त्यात एक ओळ आहे, 'शब-ए-जुमा, २७ रमजान १३६६, बेटी पैदा हुई'. ती बेटी म्हणजे अम्मीच. मी सरळ लिहिलं, 'शुक्रवार १५ ऑगस्ट १९४७, रात्री मुलगी झाली.' वाचून दाखवलं तर म्हणाल्या, गलत है बेटा, झंडा चढ्या उसके पहले की रात को हुई मैं. आता शब म्हणजे रात्र आणि जुमा म्हणजे शुक्रवार, मग चुकलं कुठं?

कन्ना_चौक: अम्मींचं बरोबर आहे ताई. हिजरीत दिवस मावळतीला लागतो, म्हणजे रात्र आधी आणि उजेड मागून. जुम्याची रात्र ती जुम्याच्या आधीची, आपण जिला गुरुवारची रात्र म्हणतो ती. बेगम पेठेत कुणालाही विचारा, गुरुवारला जुमेरातच म्हणतात, तुमचं उत्तर त्या शब्दातच आहे. तुम्ही लिहिलेली रात्र त्यांच्या हिशोबानं शनिवारची आणि २८ रमजानची झाली.

हुरडा_सीझन: म्हणजे आपल्या पंचांगासारखंच की. इंग्रजी तारीख तेवढी रात्री १२ ला बदलते, बाकी सगळे सूर्य बघून.

कन्ना_चौक: सूर्य बघून खरं, पण उलट्या टोकानं. पंचांगात वार उगवतीला बदलतो. हीच रात्र घ्या. १४ ऑगस्टला रात्री ९ वाजता इंग्रजीनं गुरुवार, पंचांगानं गुरुवार, हिजरीनं मात्र शुक्रवार लागून गेलेला. तीच रात्र १ वाजता बघा, इंग्रजीनंही शुक्रवार झाला, १५ तारीख पडली, पण पंचांग अजून गुरुवारवरच, ते सकाळी सहाच्या पुढं सूर्य उगवल्यावर बदलणार. म्हणून तर काही पंचांगांत रात्री २:२० ला २६:२० छापतात, दिवस संपलेलाच नसतो ना.

पार्क_चौपाटी: माझं हेच झालंय ओ! पत्रिकेत मंगळवार उत्तररात्री आणि शाळेच्या दाखल्यावर बुधवार. आई मंगळवारच धरते, मी पहाटे ४ चा. मग मी वाढदिवस कधी करायचा? दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, त्यात बघितलं तर तिथी तिसरीच निघते.

कन्ना_चौक: वाढदिवस दाखल्याप्रमाणं करा, पत्रिकाही चूक नाही, वार दोन्ही पद्धतीनं खरा आहे. तिथीचं वेगळं असतं, ती दिवसात केव्हाही बदलते, पण उगवतीला जी असेल तिचं नाव त्या अख्ख्या दिवसाला. सकाळी ७ ला संपली तरी कॅलेंडरवर तीच. आणि एखादी उगवतीनंतर लागून पुढच्या उगवतीच्या आत संपली तर तिला दिवसच मिळत नाही, तो क्षय.

शुद्धलेखन: मधेच बोलतो, 'तारीख' कशाला? 'दिनांक' हा आपला शब्द आहे, भाषांतरात तोच हवा.

विजापूर_रोड: इथं दिनांक कसा बसेल? दिनांक म्हणजे दिनाचा अंक, आणि या वहीत २७ चा अंक रात्रीला लागलाय, दिन उजाडायचा होता. सोलापुरात 'काय तारीख हाय' असंच विचारतात, मी तारीखच ठेवणार.

शुद्धलेखन: दिन म्हणजे अख्खं अहोरात्र असाही अर्थ होतो. त्या अहोरात्रातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गेलं की 'होरा' राहतो, शब्द किती जुने आहेत बघा.

हुरडा_सीझन: होरा ग्रीकांकडनं आलाय सर, इंग्रजी अवर त्याच घरातला. अहोरात्राची गोष्ट नंतर जुळवलेली.

शुद्धलेखन: जुळवलेली कशी, वराहमिहिरानं दिलीय ती.

विजापूर_रोड: जरा माझ्याकडं बघा. अम्मींना परत विचारलं. त्यांची आई सांगायची, बाळ झालं तेव्हा गल्लीत सहरीच्या भांड्यांचा आवाज येत होता. म्हणजे १२ नंतर ना?

कन्ना_चौक: सहरी पहाटेची, म्हणजे १५ ऑगस्टच. तुमची तारीख बरोबर होती, 'शुक्रवार रात्री' तेवढं चुकलं. पण हे वहीत नाही, ऐकीव आहे. वहीत नुसती रात्र आहे, ती ९ ची असती तर १४ झाली असती. आणि २७ हा आकडा चंद्र कधी दिसला त्यावर, गावागणिक एका दिवसानं हलतो, म्हणून अशा वह्यांत मी आधी वार पकडतो आणि त्याच्याशी तारीख ताडून बघतो. इथं दोन्ही जुळतात.

विजापूर_रोड: मग 'शुक्रवारी पहाटे' लिहू?

पार्क_चौपाटी: आमच्या आईला विचाराल तर ती 'गुरुवारी रात्री' म्हणेल, उजाडल्याशिवाय वार बदलत नाही.

कन्ना_चौक: मी 'जुम्याची रात्र'च ठेवीन आणि खाली एक टीप देईन, १४ आणि १५ मधली रात्र म्हणून.

शुद्धलेखन: टीप द्या, पण त्यात दिनांक लिहा. आणि होऱ्याचं राहिलंच, पहिला होरा उगवतीला ज्या ग्रहाचा त्याचाच वार, मग वार रात्री १२ ला बदलेलच कसा?