मदत हवी: वांग्याची झाडं हिरवी असतानाच मरताहेत, सेंद्रिय धरू की रासायनिक?

मळेकरी_डिचोली
डिचोली तालुक्यात दोन एकर मळा आहे, विहिरीला पाणी भरपूर. अर्ध्या एकरात दिवाळीनंतर वांगी लावली. फुलावर आली आणि माना टाकायला लागली, रोज नवी झाडं जाताहेत. दुकानदाराने कार्बेंडाझिम दिलं, ते मुळांत ओतलं, फरक नाही. शेजारच्या काकांनी जीवामृत द्यायला सांगितलं, तेही दिलं. आता भाऊ म्हणतो आणखी जोरदार औषध आणू. आई म्हणते मळ्यात विष नको, पूर्ण सेंद्रिय करा. मला एवढंच सांगा, पुढे सेंद्रिय करू की रासायनिक? रविवारी आणखी अर्ध्या एकरासाठी वांग्याची रोपं उचलायची आहेत, त्यामुळे लवकर सांगा.

पाटकर_फोंडा
ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. माना टाकलेले शेंडे खुडून जाळा, कामगंध सापळे लावा. फळं धरायच्या आत केलं तर वांगी वाचतील.

गोमय
जीवामृत एकदा देऊन काय होणार? 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे एकराला, दर पंधरा दिवसांनी. जमीन जिवंत व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर युरियाला हात लावू नका.

सत्तरीकर
दोन-तीन वर्षं त्यांनी खायचं काय? मिश्र खतं आणि वेळेवर फवारणी याशिवाय भाजी परवडत नाही. बेळगावची गाडी पहाटे येते, तिच्या भावाशी टक्कर द्यायची आहे. कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 3 ग्रॅम, बुंध्याशी ओता.

गोमय
@सत्तरीकर, तुमच्यासारख्यांमुळेच जमिनी मेल्या.

जुना_कृषी_सहायक
भांडण थांबवा, आधी झाड काय सांगतंय ते बघू. मळेकरी, चार गोष्टी कळवा. फक्त शेंडा मान टाकतो की अख्खं झाड? पानं पिवळी पडून जातात की हिरवी असतानाच? त्या जागेत मागच्या दोन वर्षांत काय होतं? माती तपासलीय का?

मळेकरी_डिचोली
अख्खं झाड. दुपारी मलूल होतं, संध्याकाळी पुन्हा उभं राहतं, दोन-तीन दिवसांत कायमचं जातं. पानं हिरवीच असतात. आधी काय होतं त्याचा इथे काय संबंध? गेल्या वर्षी टोमॅटो, त्याच्या आदल्या वर्षी मिरची. मातीचं कार्ड कपाटात आहे, सामू 5.2 लिहिलाय.

जुना_कृषी_सहायक
संबंध तिथेच आहे. मिरची, टोमॅटो, वांगी ही एकाच कुळातली, म्हणजे तीन वर्षं एकाच रोगाला खाद्य मिळालं. आता एक करा. नुकत्याच माना टाकलेल्या झाडाचा जमिनीलगतचा खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात दोऱ्याने असा लटकवा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल. पेला हलवू नका. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरली तर ही जिवाणूजन्य मर. धार आली नाही तर बुरशी किंवा सूत्रकृमी, मग मुळं उपटून गाठी आहेत का बघायच्या.

पाटकर_फोंडा
अळीचाही मरगळलेला शेंडा दिसतो हो.

जुना_कृषी_सहायक
दिसतो, पण तेवढाच शेंडा. चिरला की आत अळी आणि विष्ठा सापडते, खालचं झाड टवटवीत असतं. इथे अख्खं झाड जातंय.

मळेकरी_डिचोली
आत्ता करून बघितलं. धुरासारखी पांढरी रेघ सरळ खाली आली, थोड्या वेळाने पाणी गढूळ झालं. आता औषध सांगा.

जुना_कृषी_सहायक
औषध नाही. स्पष्ट सांगतो, कारण रविवारी तुमचे पैसे जायचे आहेत. हा जिवाणू मातीत राहतो, मुळाच्या जखमेतून शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो. म्हणून पानं हिरवी असतानाच झाड तहानेने मरतं. कार्बेंडाझिम बुरशीवर चालतं, जिवाणूवर नाही. कॉपर मातीत ओतून नळ्यांच्या आत पोचत नाही. जीवामृतानेही लागण झालेलं झाड उठत नाही. त्यामुळे सेंद्रिय की रासायनिक हा प्रश्न या रोगापुरता बाजूला ठेवा.

मेलेली झाडं मुळांसकट उपटून जाळा, शेणखड्ड्यात टाकू नका. पाण्याचा पाट मेलेल्या ओळीतून पुढच्या वाफ्यात जात असेल तर तो आजच वळवा, पाण्यासोबत रोग पुढे सरकतो. नव्या अर्ध्या एकरात साधी वांगी लावू नका.

सत्तरीकर
मग लावायचं काय? आणि चुना का नाही सांगितलात? आमच्या गावात चुन्याने मर थांबली.

जुना_कृषी_सहायक
चुना हवाच, 5.2 सामूची माती आंबट आहे. पण चुन्याने रोगाचा जोर कमी होतो, रोग जात नाही. तुमच्या गावात त्याबरोबर पीकही बदललं असेल. मी एकरी 2 ते 3 क्विंटल डोलोमाईट सुचवीन, लागवडीच्या तीन आठवडे आधी आणि शेणखत, युरिया यांच्याबरोबर न मिसळता. नेमका आकडा माती तपासणाऱ्यांकडून घ्या. आणि वर्षानुवर्षं नुसता युरिया, अमोनियम सल्फेट टाकलं तर माती आणखी आंबट होते, एवढं गोमय यांचं म्हणणं मला मान्य आहे.

वांगीच हवी असतील तर मर सहन करणारी जात घ्या. जुन्या गोव्याच्या आयसीएआर संस्थेने गोवा वांगी नावाच्या जाती याच रोगासाठी काढल्यात, बेंगळुरूची अर्का निधी आणि अर्का केशवही आहेत. नाहीतर रानवांग्याच्या खुंटावरचं कलम. कलमाचं रोप महाग पडतं, पण खुंटाचं मूळ रोग सोसतं. जोड मातीत गाडू नका, नाहीतर वरच्या भागाला मुळं फुटून सगळं वाया जाईल.

आगशीचा_भाटकार
या संस्थेच्या वांग्याला आगशीच्या वांग्याची चव नाही. आमच्या वांग्याचं भरीत खाल्लं की बाकीची विसराल. त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय.

कोकणी_मावशी
मी कुंडीत वांगी लावलीत, पानं आकसताहेत. उपाय सांगा ना.

जुना_कृषी_सहायक
मावशी, वेगळा धागा काढा, पानाचा खालून फोटो टाका. @आगशीचा_भाटकार, तुमचंच वांगं रानवांग्यावर कलम करून बघा, चव सांभाळून मर टळेल का ते कळेल.

मळेकरी_डिचोली
पण मूळ प्रश्न राहिला. आईला काय सांगू?

जुना_कृषी_सहायक
खताचा प्रश्न वेगळा मोजा. दोन्ही अर्ध्या एकरांत किमान दोन हंगाम साधं वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा नको. नव्या जागेत अळसांदे, भेंडी, मका घ्या. तिथे शेणखत आणि जीवामृतावर चालवून उतारा बघा. अळसांदे कमी खतात येतात, तोटा झाला तरी थोडा होईल. भेंडीला मात्र नत्र कमी पडलं की पानं फिकटतील, तेव्हा भाऊ बरोबर ठरेल. सगळं एकदम बदलू नका.

गोमय
शेणखत पुरेसं असेल तर फिकटणार नाहीत. गुरं किती आहेत?

मळेकरी_डिचोली
एक म्हैस.

सत्तरीकर
एका म्हशीवर दोन एकर? मग शेणखत विकत घेणार, ते युरियाहून महाग पडतं.

मळेकरी_डिचोली
रविवारचा सौदा रद्द केला. मेलेल्या ओळीच्या शेजारची मिरची अजून उभी आहे. ती उपटू की ठेवू?

जुना_कृषी_सहायक
पाट कुठल्या बाजूने येतो, आधी वांग्यातून की आधी मिरचीतून?